भावंडांच्या गटात लग्नाच्या सामायिक भेटीची वर्गणी : दोन आकडे आधीच जाहीर झाले आहेत, आता काय करावे?

गिरगावची_मुक्ता

माझ्या चुलतबहिणीचे लग्न येत्या फेब्रुवारीत दादरच्या एका सभागृहात आहे. आम्ही सख्खी, चुलत आणि आत्ये मिळून चौदा भावंडे आहोत. नवरी आणि तिचा सख्खा भाऊ यांना वगळून बारा जणांचा एक वेगळा व्हॉट्सॲप गट मी केला, कारण सुट्या सुट्या आहेरांऐवजी सर्वांनी मिळून संसाराला उपयोगी पडेल अशी एक मोठी वस्तू द्यावी असे ठरत होते. या बारांपैकी दोघे अजून शिकत आहेत, म्हणजे पैसे देऊ शकणारे दहा जण. माझी चूक अशी झाली, की मी गटात सरळ विचारले, "कोण किती देणार ते सांगा."

पाचच मिनिटांत अमेरिकेत असलेल्या मोठ्या दादाने "माझे १५,००० धर" असे लिहिले. पाठोपाठ पुण्याच्या ताईने "माझे १०,०००" असे लिहिले. त्यानंतर गेले चार दिवस गटात कोणीही एक अक्षर लिहिलेले नाही. दोघांनीही प्रेमाने लिहिले होते, त्यात मिरवण्याचा भाग नव्हता, हे मला ठाऊक आहे. परंतु नुकताच नोकरीला लागलेला माझा आत्येभाऊ अंबरनाथहून रोज गाडीने फोर्टला येतो आणि घरभाडेही भरतो. या दोन आकड्यांखाली तो आपला आकडा कसा लिहील? हा गुंता आता कोणाला न दुखावता कसा सोडवावा, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

टेक्नो_ठाणेकर

हे फार सोपे आहे. त्याच गटात एक पोल टाकावा आणि त्यात ठरावीक आकडा न विचारता १,००० ते २,०००, २,००० ते ४,००० आणि ४,००० च्या पुढे असे टप्पे द्यावेत. टप्पा दिला की नेमका आकडा झाकला जातो आणि कोणाला संकोच वाटत नाही. त्यानंतर प्रत्येकाला यूपीआयवरून कलेक्ट रिक्वेस्ट पाठवावी, म्हणजे कोणाच्या मागे लागावे लागत नाही.

अनिकेत_डोंबिवली

ठाणेकर, टप्प्यांची कल्पना चांगली आहे, पण पोल हे त्यासाठी चुकीचे ठिकाण आहे. आमच्या गटात हा प्रयोग झाला आणि ज्याने ज्या पर्यायावर बोट ठेवले त्याचे नाव त्या पर्यायाखाली सर्वांना दिसले. सर्वांत खालच्या टप्प्यात माझे एकट्याचे नाव बराच वेळ उभे होते. नेमका आकडा झाकला गेला हे खरे, पण सर्वांत खाली कोण आहे हे अधिकच ठळक झाले. शेवटी मी मत बदलून मधल्या टप्प्यात गेलो आणि त्या महिन्यात एका मित्राकडून उसने घेतले.

कलेक्ट रिक्वेस्टचेही तसेच आहे. व्यक्तीने व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवण्याची ती सोय फसवणुकीच्या प्रकारांमुळे १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालेली आहे. आता ज्याला द्यायचे आहेत त्यानेच क्यूआर कोड किंवा नंबर वापरून पाठवावे लागतात.

टेक्नो_ठाणेकर

पोलचे मान्य आहे, नावे दिसतात हे माझ्या लक्षात आले नव्हते. कलेक्ट रिक्वेस्ट मी बरेच दिवसांत वापरलेली नाही.

शुभांगीताई_विलेपार्ले

माझे मत थोडे वेगळे आहे. आहेर हा घेऊच नये. आमच्या मुलाच्या लग्नात आम्ही पत्रिकेवर "आपली उपस्थिती हाच आहेर" असे स्पष्ट छापले होते, तरीही नातेवाइकांनी पाकिटे आणलीच. सासूबाईंनी आहेराची वही उघडून प्रत्येक पाकिटातली रक्कम नावासमोर लिहिली आणि पुढची दोन वर्षे ती वही पाहून आम्ही परतीचे आहेर करत होतो. कोणाचे ५०१ आले, कोणाचे १,१०१ आले, हे आजही मला पाठ आहे. तेव्हा मुक्ता, तुम्ही वस्तू देण्याच्या फंदात न पडता मुलीच्या आईवडिलांना आधी विचारावे, की त्यांना आहेर चालणार आहे का?

गिरगावची_मुक्ता

ताई, आहेर द्यावा की नाही हा आमच्याकडे प्रश्न नाही. काकूंनी होकार दिलेला आहे आणि भावंडांची भेट वेगळी असावी अशी नवरीचीही इच्छा आहे. दहा जणांमध्ये रक्कम कशी वाटून घ्यावी, इतकाच माझा प्रश्न आहे. मात्र वहीचा मुद्दा तुम्ही काढलात हे बरे झाले, तो माझ्या ध्यानातच आला नव्हता.

रोखपाल_मुलुंड

मी बँकेतून निवृत्त झालो आहे. आमच्या घराण्यातल्या बहुतेक लग्नांत सामायिक भेटीची वर्गणी जमवण्याचे काम माझ्याकडे येते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ते दोन संदेश पुसायला सांगू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश सर्वांसाठी पुसण्याची मुदत साधारण अडीच दिवसांची असते आणि तुमची ती टळलेली आहे. ती टळली नसती तरी मी नकोच म्हटले असते, कारण पुसल्याची खूण मागे राहते आणि आकडा तर सर्वांनी वाचलेला असतो. मग तो का पुसला, याची आणखी एक चर्चा सुरू होते. त्याऐवजी दादांना खासगीत फोन करावा आणि त्यांनाच गटात असे लिहायला सांगावे, की मी लिहिलेला आकडा माझ्याकडून नवरीला द्यायच्या वेगळ्या आहेरासकट होता, सामायिक भेटीतला माझा वाटा मुक्ता सांगेल तेवढाच असेल. ज्याने आकडा उंच नेला त्यानेच तो खाली आणला, तर कोणाचाही मान जात नाही. दुसऱ्या कोणी आणला, तर मात्र दादांचा जातो.

दुसरी गोष्ट क्रमाची आहे. बहुतेक घरांत आधी वस्तू ठरते, मग तिची किंमत दहाने भागली जाते, आणि भागाकार आला की कोणाच्या तरी पोटात गोळा येतो. मी उलट करतो. आधी प्रत्येकाला एकेकट्याने विचारतो, मग एकूण बघतो आणि वस्तू सर्वांत शेवटी ठरवतो. विचारतानाही "किती देणार?" असे न विचारता "या महिन्यात कसलीही ओढाताण न होता किती जमेल?" असे विचारतो. पहिल्या प्रश्नाला माणूस इतरांकडे बघून उत्तर देतो. दुसऱ्याला आपल्या खिशाकडे बघून.

एक उदाहरण देतो. लग्न होऊन काही वर्षे झाली आहेत आणि नावे मी सांगणार नाही. तिथेही देणारे दहा जणच होते. त्यांनी मला एकेकट्याने सांगितलेले आकडे असे होते : दोघांचे प्रत्येकी १,५००, दोघांचे २,०००, एकाचे २,५००, दोघांचे ३,०००, आणि नंतर ५,०००, १०,००० व १५,०००. सर्व मिळून ४५,५०० होतात. एवढे सगळे घेतले असते, तर एकट्याचा वाटा जवळजवळ एकतृतीयांश झाला असता आणि ती भेट भावंडांची न राहता त्याची झाली असती, इतरांची नावे केवळ चिठ्ठीवर उरली असती. उलट सर्वांना सारखे करायचे म्हटले, तर सर्वांत खालचा आकडा १,५०० धरावा लागतो आणि दहा जणांचे मिळून १५,०००च होतात.

म्हणून मी तळाला हात लावत नाही, वरचे टोक कापतो. कोणीही ५,००० पेक्षा अधिक द्यायचे नाही असे ठरवले, की वरच्या तिघांचे प्रत्येकी ५,००० होतात, बाकी सातजणांनी सांगितलेले १५,५०० तसेच राहतात आणि एकूण ३०,५०० जमतात. ही मर्यादा ३,००० ठेवली असती, तर २४,५०० जमले असते. नवरीला समोरून उघडणारे कपडे धुण्याचे यंत्र हवे होते आणि ते दुकानात २९,४०० रुपयांना मिळाले, म्हणून मी ५,००० ची मर्यादा धरली. उरलेले १,१०० रुपये पाकिटात घातले, त्यात माझा एक रुपया टाकून १,१०१ केले आणि ते पाकीट यंत्राच्या बिलासोबत दिले. ज्यांना १०,००० आणि १५,००० द्यायचे होते, त्यांनी आपली उरलेली रक्कम स्वतंत्र आहेर म्हणून नवरीच्या हातात दिली. त्यांना कोणी अडवले नाही आणि ते कोणाला दिसलेही नाही.

मर्यादा कुठे ठेवावी याला नियम नाही. माझा ठोकताळा इतकाच, की कोणा एकाचा वाटा एकूण रकमेच्या पाचव्या भागाच्या पुढे जाऊ नये. शिकणाऱ्या मुलांकडून मी काहीही घेत नाही, परंतु चिठ्ठीवर त्यांचे नाव इतरांच्या बरोबरीने आणि वयाच्या क्रमाने येते. रकमेच्या क्रमाने नावे लिहिण्याची चूक मी एकदा नकळत केली होती, कारण ज्या क्रमाने पैसे आले त्याच क्रमाने यादी होती आणि मोठ्या रकमा आधी आल्या होत्या. एका मावशींनी ती ओळखली.

स्नेहल_गोरेगाव

काकांची पद्धत व्यवहारात चांगली चालत असेल, तरी मला ती पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगते. त्यात दहा जणांचे आकडे एका माणसाला कळतात, आणि तो माणूस त्याच घरातला असतो. मुक्ता आज प्रामाणिकपणे गुप्तता पाळेल, पण अमक्याने १,५०० दिले होते हे तिच्या मनातून जाणार कसे? उद्या त्याच भावाने नवीन फोन घेतला, की तिला ते आठवेल. ती काही बोलणार नाही, पण तिच्या चेहऱ्यावर दिसेल.

आमच्या घरात आम्ही सरळ समान वाटा ठेवतो आणि तो इतका लहान ठेवतो, की कोणालाच विचारावे लागत नाही. प्रत्येकी १,००० रुपये. दहा जणांचे १०,००० होतात, त्यात चांगला मिक्सर आणि स्टीलचा डबेसंच येतो. भेट लहान होते, हे मी मान्य करते. पण कोणाकडेही कसलेही गुपित उरत नाही.

रोखपाल_मुलुंड

स्नेहलताई, तुमचा आक्षेप बरोबर आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. समान आणि लहान वाटा ही सर्वांत स्वच्छ पद्धत आहे. तिची अडचण एवढीच, की आमच्याकडे समान वाट्यानंतरही श्रीमंत भावंडे आपला वेगळा आहेर सर्वांसमोर देतात आणि लोकांना तोच लक्षात राहतो.

पैसे कोणी गोळा करावेत, याबद्दल मात्र एक गोष्ट सांगायला हवी होती ती राहिली. सर्वांत मोठ्याने किंवा सर्वांत सधन भावंडाने हे काम करू नये, आणि ज्याचे स्वतःचे लग्न पुढे व्हायचे आहे त्याने तर मुळीच करू नये. एखाद्या बहिणीचे यजमान किंवा एखादी वहिनी असेल तर उत्तम, कारण ते घरातले असले तरी भावंडांच्या तुलनेच्या रांगेत उभे नसतात. मी स्वतः बहुतेक लग्नांत काका किंवा मामा असतो, हेच माझ्या सोयीचे आहे.

गिरगावची_मुक्ता

काका, ही अडचण अगदी खरी आहे, कारण पुढचे लग्न बहुधा माझेच आहे. मग हे काम मी सोडायला हवे. आमच्या आत्येबहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, शांत स्वभावाचे आहेत. ते लालबागला राहतात आणि हिशेबाचे कामच करतात. त्यांना विचारते.

अनिकेत_डोंबिवली

मी या प्रश्नाकडे खालच्या बाजूने पाहिलेला माणूस आहे, म्हणून दोन गोष्टी लिहितो. आकड्याइतकाच त्रास टिकमार्कच्या यादीचा होतो. गटात नावांची यादी फिरते, ज्याने पैसे पाठवले तो आपल्या नावापुढे हिरवी खूण करून ती पुढे चिकटवतो, आणि महिन्याच्या २७ तारखेला तीन नावे खुणेवाचून उरतात. पगार १ तारखेला होतो हे त्या तिघांना ठाऊक असते, पण त्यांना ते गटात लिहिता येत नाही. माझ्या नावापुढची जागा पाच दिवस रिकामी होती आणि त्या पाच दिवसांत मी गट उघडलाच नाही. यादी फिरवूच नका, आणि शेवटची तारीख महिन्याच्या ५ ते १० मध्ये ठेवा.

दुसरी गोष्ट पैसे पाठवल्याच्या स्क्रीनशॉटची. कोणीतरी उत्साहाने "पाठवले" म्हणून पावतीचे चित्र गटात टाकतो, त्यावर रक्कम मोठ्या अक्षरांत असते आणि एवढी जपलेली गुप्तता एका चित्राने संपते. गटाच्या पहिल्याच संदेशात "पावती इथे टाकू नये" असे लिहिलेले बरे.

टेक्नो_ठाणेकर

आता थोडी सुधारलेली सूचना करतो. गोळा करणाऱ्यालाही कळू नये असे हवे असेल, तर यूपीआय सोडून द्यावे लागेल, कारण तिथे पाठवणाऱ्याचे नाव दिसतेच. केळवणाच्या दिवशी सारखी पांढरी पाकिटे आणावीत, प्रत्येकाने घरूनच पैसे घालून, नाव न लिहिता, ते एका पिशवीत टाकावे आणि मग सर्व पाकिटे एकदम उघडावीत. शिकणाऱ्यांनीही रिकामे किंवा अकरा रुपयांचे पाकीट टाकावे, म्हणजे पाकिटांची संख्याही काही सांगत नाही.

स्नेहल_गोरेगाव

हे मला आवडले. जुन्या बंद पाकिटाची रीतच आहे ही.

रोखपाल_मुलुंड

कल्पना चांगली आहे, मी ती एकदा करून पाहिली आहे. तिच्यात दोन अडचणी येतात. एक म्हणजे एकूण रक्कम केळवणाच्या दिवशीच कळते, त्यामुळे वस्तू आधी मागवता येत नाही. लग्न आठवड्यावर आलेले असते आणि मुंबईत सामान घरपोच यायला, ते बसवायला माणूस यायला वेळ लागतो. दुसरी अडचण, जो पुण्याला किंवा अमेरिकेत आहे त्याचे पाकीट कोणाच्या तरी हातून येते, आणि त्या हाताला आकडा कळतो.

मुक्ता, यावरून विचारतो. तुमच्या दादांचे पैसे कोणत्या वाटेने येणार आहेत? आमच्या परदेशी पुतण्याचे पैसे नेहमी त्याच्या आईच्या खात्यातून यायचे. वहिनींना आकडा कळायचा आणि त्या तो देवळात, भाजीबाजारात आणि शेवटी नवरीच्या आईला सांगायच्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, मुलाचे कौतुकच होते. त्यानंतर मी त्याला इथल्या स्वतःच्या खात्यातूनच पैसे पाठवायला सांगू लागलो.

गिरगावची_मुक्ता

आमच्याकडेही मोठ्या काकूंच्या खात्यातूनच येणार होते. आता दादाला हेही सांगते.

शुभांगीताई_विलेपार्ले

मुक्ता, मी तुमचा प्रश्न नीट न वाचता उत्तर दिले होते, ते मनावर घेऊ नये. तरी वहीबद्दल आणखी एक सांगते, कारण तुमचा सगळा आटापिटा तिथे फुकट जाऊ शकतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरीकडची एखादी ज्येष्ठ बाई वही घेऊन बसते आणि विचारते, "भावंडांनी दिले ते ठीक, पण कोणाचे किती ते सांगा, म्हणजे उद्या त्यांच्याकडच्या कार्यात तेवढे करता येईल." तिचा हेतू चांगला असतो, तिला कोणाचे ऋण ठेवायचे नसते. पण तिला उत्तर देणारा गडबडला आणि त्याने फोन काढून यादी वाचली, की झाले. आमच्या जाऊबाईंच्या मुलीच्या वेळी हेच घडले. वहीत ज्याच्यासमोर १,५०० लिहिले गेले, त्याच्या मुलीच्या बारशाला नेमके तेवढ्याच किमतीचे कपडे आले. ते त्याला कळले नसते तर बरे झाले असते, पण त्याच्या बायकोने किमतीची चिठ्ठी पाहिली.

रोखपाल_मुलुंड

शुभांगीताईंचा हा मुद्दा माझ्या सर्व हिशेबाहून महत्त्वाचा आहे. वहीत "सर्व भावंडांकडून, एक वस्तू" अशी एकच नोंद जावी आणि पुढे रक्कम लिहूच नये. जमवणाऱ्याने उत्तर आधीच ठरवून ठेवावे, की सर्वांनी सारखेच दिले असे समजा. हे खोटे आहे असे कोणी म्हणेल. मला ते खोटे वाटत नाही, कारण ते "समजा" असे आहे.

बिल मात्र नवरीला द्यावेच लागते, कारण वॉरंटी त्यावर चालते आणि ते तिच्या नावाने, तिच्या नव्या पत्त्यावर करून घ्यावे. आता बिलावर किंमत असते. ती दिसू नये म्हणून बिल देणे टाळू नका, नाहीतर वर्षभरात वस्तू बिघडली की दहा जणांना फोन होतात.

स्नेहल_गोरेगाव

किंमत कळण्याचा आणखी एक परिणाम असतो, ज्याचा इथे कोणी विचार केलेला नाही. या लग्नात भावंडांनी ३०,००० ची वस्तू दिली, की पुढच्या भावंडाच्या लग्नात तोच दर ठरतो. मुक्ताचे लग्न पुढे आहे. तेव्हा दोघांची मुले शाळेत जाऊ लागलेली असतील, एखाद्याची नोकरी गेलेली असेल आणि २०,०००च जमतील. मग "हिला यंत्र आणि मला मिक्सर" हे मनात येतेच, मुक्ता कितीही समजूतदार असली तरी. म्हणून मी समान आणि लहान वाट्यावर अडून बसते. तो दहा वर्षे टिकतो.

रोखपाल_मुलुंड

आमच्याकडे हे झालेले आहे. पहिल्या भाचीला मोठे यंत्र मिळाले आणि पाचव्या भाच्याला इस्त्री व पंखा. त्याने अजून तरी काही म्हटलेले नाही.

गिरगावची_मुक्ता

दोन आठवड्यांनी परत लिहिते आहे.

दादाला फोन केला. त्याला आधी वाईट वाटले. "मी काही चुकीचे बोललो का?" असे त्याने दोनदा विचारले, पण अंबरनाथच्या भावाचे नाव न घेता मी कारण सांगितल्यावर त्याला पटले. त्याने गटात स्वतःच लिहिले, ते इथे देते, कारण कोणाला उपयोग होईल : "मी परवा लिहिलेला आकडा माझ्या वेगळ्या आहेरासकट होता, घाईत नीट लिहिले नाही. सामायिक भेटीसाठी भावजी सांगतील तसे आपण सगळे करू या." त्याखाली पुण्याच्या ताईने "माझेही तसेच समजा" असे लिहिले आणि गट एकदम बोलता झाला. चार दिवस गप्प असलेल्यांनी नवरीच्या साडीच्या रंगावर तासभर चर्चा केली.

त्यानंतर भावजींनी एकच संदेश टाकला : "मी प्रत्येकाशी स्वतंत्र बोलेन. जमेल तेवढेच सांगावे, किमान रक्कम कोणतीही नाही, कमाल रक्कम मी कळवेन. शेवटची तारीख १० जानेवारी. पावती किंवा आकडा या गटात कोणीही टाकू नये." मी माझा आकडा त्यांना सांगितला, त्यांनी "बरं" एवढेच म्हटले. कमाल ४,००० ठरली, हे दादाकडून कळले, त्यांच्याकडून नाही. एकूण २६,५०० झाले, इतकेच भावजींनी गटात सांगितले. कोणाचे किती, हे मला माहीत नाही आणि विचारावेसेही वाटले नाही. नवरीला दोन दरवाजांचा फ्रीज हवा होता. तो या रकमेत बसला, आणि जे थोडे उरले त्यातून गुंडाळण्याचा खर्च व चिठ्ठी झाली. शिकणाऱ्या दोघांनी चिठ्ठी रंगवण्याचे काम घेतले आहे.

स्नेहलताई, माझ्या लग्नाचा तुमचा मुद्दा डोक्यातून जात नाही. भावजींना मी म्हटले, की माझ्या वेळी समान १,००० ठेवू या. ते म्हणाले, "ते तू ठरवायचे नाहीस, तू तेव्हा गटात नसशील."

अनिकेत_डोंबिवली

अंबरनाथच्या भावाने पैसे दिले का, हे विचारणार होतो, मग लक्षात आले की ते तुम्हालाही माहीत नाही.

शुभांगीताई_विलेपार्ले

वहीत काय लिहिले गेले ते लग्नानंतर नक्की कळवा. आणि वही कोण घेऊन बसणार आहे, ते आत्ताच पाहून ठेवा.

गिरगावची_मुक्ता

मोठ्या काकू बसणार आहेत, ताई. दादाची आई.